चि. मनूस, रविवारच्या फोनवरून

सातारा

चि. मनू हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास. नंतर आईने दोनदा लावून पाहिला, तू उचलला नाहीस. लॅबमध्ये असशील, असं ती म्हणाली. त्या फीविरुद्धच्या अर्जावर सही करायच्या आधी एकदा आम्हाला विचारायचं होतंस, एवढंच मला सांगायचं होतं. ते बोलता बोलता वाढत गेलं. मग तू म्हणालीस, "बाबा, परदेशी मुलांवर नवी फी बसवली, ती आमच्या स्टायपेंडमधून कापणार, आम्हाला कुणी विचारलं नाही. आणि मी गप्प बसायचं? तुम्ही जन्मभर वर्गात काय शिकवलंत मग?" या प्रश्नाचं उत्तर फोनवर देता येण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहायला बसलो आहे. व्हिसाबद्दल या पत्रात एक अक्षरही लिहायचं नाही, असं ठरवून बसलो आहे.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ज्या वूस्टरमध्ये तू राहतेस ते गाव मी पाहिलेलं नाही. पण तिथल्या मेन स्ट्रीटवर काय घडलं ते मी किती मुलांना सांगितलं असेल! तू तिथे शिकायला जाणार हे कळलं तेव्हा मी तुला ते सांगायला घेतलं होतं, पण तेव्हा घरात बॅगांचं वजन करणं चाललं होतं आणि तुझा मामा मधेच मसाल्याच्या डब्या काढून ठेवत होता. ते राहूनच गेलं. आता सांगतो.

पुस्तकात दोन ओळींत येतं की इंग्रजांनी कर लादला, वसाहतवाल्यांनी चहा समुद्रात टाकला आणि देश स्वतंत्र झाला. त्यातून असं वाटतं की कर फार मोठा असावा. तसं नव्हतं. फ्रान्सबरोबरचं सात वर्षांचं युद्ध 1763 मध्ये संपलं तेव्हा इंग्लंडचं कर्ज जवळजवळ दुप्पट झालं होतं, आणि अमेरिकेत सैन्य ठेवायचं तर खर्च होता. लंडनच्या मंत्र्यांना वाटलं, ज्यांच्या रक्षणासाठी सैन्य आहे त्यांनीही थोडा भार उचलावा. हे म्हणणं वेडगळ नव्हतं. मी मुलांना नेहमी आधी ही बाजू मांडायला लावायचो, कारण समोरच्याचं म्हणणं त्याच्याइतकंच चांगलं मांडता आल्याशिवाय भांडायला उभं राहू नये, असं मला वाटतं. तूही त्या फीमागचं कारण विद्यापीठाकडून आधी समजून घेतलंस का? राहू दे, हे नंतर.

1765 चा स्टॅम्प कायदा हा तो कर. कोर्टाचे कागद, परवाने, वर्तमानपत्रं, पदव्या, पत्त्यांचे जोड, फासे, सगळं मुद्रांक असलेल्या कागदावर. आपल्याकडे स्टॅम्पपेपर असतो तसाच. वर्तमानपत्राच्या अर्ध्या तावाला अर्धा पेनी, म्हणजे फार नव्हे. पण तो द्यायचा इंग्लंडच्या खऱ्या नाण्यात, जे वसाहतीत मुश्किलीने मिळायचं, आणि कायदा मोडला तर खटला ज्युरीशिवाय, नाविक न्यायालयातही चालू शकायचा. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हा कर त्यांच्या स्वतःच्या विधानसभांनी बसवलेला नव्हता. मॅसॅच्युसेट्सच्या गावागावांतून माणसं निवडून जायची, ती सभा कर ठरवायची आणि गव्हर्नरचा पगारही तीच मंजूर करायची. पैशाच्या थैलीची दोरी आपल्या हातात आहे म्हणून गव्हर्नर आपलं ऐकतो, हे शेतकऱ्यालाही कळत होतं. ती दोरी लंडनला गेली तर उद्या कशालाच अडवता येणार नाही, हे त्यांचं भय होतं. अर्ध्या पेनीसाठी ते भांडले नाहीत.

लंडनने यावर एक युक्तिवाद केला, आणि तो नीट बघ. टॉमस व्हेटली नावाच्या अधिकाऱ्याने लिहिलं की मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमचाही पार्लमेंटात स्वतःचा खासदार नाही, तरी ती शहरं कर भरतात, कारण प्रत्येक खासदार साऱ्या साम्राज्याचा विचार करतो, तसंच वसाहतींचं. ऐकायला बरं वाटतं. पण मँचेस्टरवर बसणारा कर मत देणाऱ्या इंग्रजावरही बसतो, त्यामुळे खासदाराला हात आवरावा लागतो. बोस्टनवर बसवलेल्या कराने मात्र त्याच इंग्रजाचा भार हलका होतो! ज्याचा फायदा तुझ्या तोट्यात आहे तो तुझा प्रतिनिधी कसा? मेरीलँडच्या डॅनियल डुलानी या वकिलाने ही फट बरोबर पकडली. पुढे हा माणूस बंडात सामील झाला नाही हेही सांगायला हवं. नुसता युक्तिवाद अचूक असला म्हणून माणूस बंडखोर होत नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले. त्यांनी पार्लमेंटात जागा मागितल्या नाहीत. उलट ठरावात लिहिलं की आमचं तिथे प्रतिनिधित्व नाही आणि अंतरामुळे होऊही शकत नाही, म्हणून कर फक्त आमच्या सभांनी बसवावा. त्यांनी राजाला आणि पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांना अर्ज लिहिले. आणि मनू, या सभेचा अध्यक्ष मॅसॅच्युसेट्सचा टिमथी रगल्स होता, त्याने त्या अर्जावर सही करायला नकार दिला. अध्यक्ष असून! परत आल्यावर त्याच्या विधानसभेने त्याला सभापतीकडून समज दिली. म्हणजे सही न करण्याचीही किंमत असते, हे मला माहीत आहे. मी तुला आंधळेपणाने 'करू नको' म्हणत नाही आहे.

अर्ज झाले, मालावर बहिष्कार झाला, पण बोस्टनमध्ये दुसरंही झालं. ऑगस्टमध्ये मुद्रांक विकायला नेमलेल्या अँड्र्यू ऑलिव्हरचा पुतळा झाडाला टांगला. बारा दिवसांनी जमावाने टॉमस हचिन्सन या लेफ्टनंट गव्हर्नरचं घर फोडलं, भिंतींची लाकडं उखडली, त्याने जमवलेली इतिहासाची कागदपत्रं चिखलात फेकली. त्या माणसाने स्टॅम्प कायदा नको असं खासगीत लंडनला कळवलं होतं. जमावाला कोण काय म्हणालं होतं हे माहीत नसतं. तुमच्यात उद्या असं कुणी दगड उचलणारं निघालं तर तू कुठे उभी असशील? तुझं नाव त्याच कागदावर असेल.

बघ, मी पुन्हा तिथेच आलो. आईने मागून वाचलं आणि ती म्हणाली, "तुम्ही इतिहास लिहा."

पुढच्या वर्षी कायदा मागे घेतला गेला. बोस्टनला रोषणाई झाली. पण तो मागे घेतला त्याच दिवशी पार्लमेंटने आणखी एक कायदा केला, की वसाहतींना 'कोणत्याही बाबतीत' बांधून ठेवणारे कायदे करण्याचा आम्हाला पूर्ण अधिकार आहे. रोषणाईत तो कुणी फारसा वाचला नाही. तुमची फी रद्द झाली तर ज्या कागदाने ती रद्द झाली त्याच्या खालच्या ओळी वाच. त्यांनी फक्त रक्कम सोडली आहे की विचारून बसवण्याची पद्धत मान्य केली आहे, हे त्या ओळींतच दिसतं.

मग टाउनशेंड या मंत्र्याचे कर आले 1767 ला, काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांवर. त्या पैशातून गव्हर्नर आणि न्यायाधीशांचे पगार द्यायचे होते. म्हणजे थैलीची दोरी खरोखरच चालली होती. मॅसॅच्युसेट्सच्या सभेने बाकीच्या वसाहतींना एक पत्र पाठवलं, की आपण मिळून अर्ज करू. लंडनहून हुकूम आला, ते पत्र मागे घ्या, नाहीतर सभा बरखास्त. मतदान झालं. मागे घेऊ नये म्हणणारे 92, घ्यावं म्हणणारे 17. सभा बरखास्त झाली. नंतर त्या 17 जणांची नावं वर्तमानपत्रांत छापून त्यांची नाचक्की केली गेली. मला ते 92 आवडतात, पण त्या सतरांपैकी काहींना घरी लहान मुलं असतील, एवढं मला आता या वयात दिसतं.

आपल्या नानांनी एका अर्जावर केलेल्या सहीचं तुला ठाऊक आहे. संस्थेने त्यांची वेतनवाढ अडवली ते वर्ष आजी अजून ज्वारीच्या पोत्यांच्या हिशेबात सांगते. नानांनी तो अर्ज कधी मागे घेतला नाही. ते गेले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत त्याची नक्कल होती, खाली अकरा सह्या, नानांची तिसरी. ती नक्कल तू मागितली होतीस नववीत असताना, निबंधासाठी, आणि मी दिली नव्हती. माझ्या कपाटात आहे ती. तू फोनवर बोलत होतीस तेव्हा मला सारखं वाटत होतं, आवाज हुबेहूब नानांचा.

चहाचं थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांना माहीत असतं आणि अर्धवट माहीत असतं. 1773 च्या कायद्याने चहा महाग झाला नाही, स्वस्त झाला. ईस्ट इंडिया कंपनी कर्जात होती, गोदामात चिनी चहा पडून होता. तो तिने थेट अमेरिकेत विकावा, पण पौंडामागे तीन पेन्स कर मात्र राहील. स्वस्त चहा घेतला की कर मान्य केला असं होणार, म्हणून 16 डिसेंबरच्या रात्री 342 पेट्या बंदरात गेल्या. त्याच वर्षी ऑगस्टात आपल्याकडे शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला होता. 1775 च्या मार्चात राघोबादादांनी याच कंपनीच्या मुंबईकरांशी सुरतेचा तह केला, आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेत लेक्सिंग्टनला युद्धाची पहिली गोळी सुटली. दोन्ही गोष्टी मी फळ्यावर शेजारी शेजारी लिहायचो आणि पोरं सावरून बसायची.

आता तुझं गाव. चहाची शिक्षा म्हणून लंडनने बोस्टन बंदर बंद केलं, हे सगळे सांगतात. खेड्यांना जे झोंबलं ते वेगळंच होतं. 1774 चा मॅसॅच्युसेट्स गव्हर्नमेंट कायदा. निवडून येणारं वरिष्ठ मंडळ रद्द, ते आता राजा नेमणार. ज्युरी शेरीफ निवडणार. गावसभा वर्षातून एकदाच, जास्त हव्या तर गव्हर्नरची परवानगी. बोस्टनपासून चाळीस मैलांवरच्या शेतकऱ्याला चहाचं काही नव्हतं, पण त्याच्यावर कर्जाचा दावा लागला तर ज्युरीत कोण बसणार आणि गावचा रस्ता कोण ठरवणार हे त्याच्या हातून गेलं. करावरून निघालेलं भांडण आता राज्य कुणाचं यावर आलं.

6 सप्टेंबर 1774 ला वूस्टरचं कोर्ट नव्या कायद्याखाली उघडणार होतं. त्या दिवशी 37 गावांतून माणसं आली, गावागावाची तुकडी करून. एका पाद्र्याच्या मुलाने त्यांची मोजणी केली, 4,622. कोर्टाचं दार त्यांनी आतून अडवलं. न्यायाधीश आणि अधिकारी जवळच्या खाणावळीत थांबले. मग त्या लोकांनी मेन स्ट्रीटच्या दोन्ही कडांना रांगा केल्या आणि त्या अधिकाऱ्यांना टोपी हातात घेऊन मधून चालायला लावलं. प्रत्येकाने आपण नव्या कायद्याखाली काम करणार नाही असं लिहिलेला कागद पुन्हा पुन्हा वाचायचा, शेवटच्या माणसाला ऐकू जाईपर्यंत. कुणाला इजा झाली नाही. गव्हर्नर गेज फौज पाठवणार होता, पण त्याने पाठवली नाही. त्या दिवसापासून वूस्टर परगण्यात राजाची सत्ता परत आली नाही, आणि लेक्सिंग्टनला अजून सात महिने होते.

त्यात एक गोष्ट मला मोठी वाटते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला वूस्टरच्या गावसभेने आपला प्रतिनिधी, टिमथी बिगलो नावाचा लोहार, प्रांतिक काँग्रेसला पाठवला आणि त्याला लेखी सूचना दिली. आमचे हक्क परत मिळाले नाहीत तर जुनी सनद संपली असं समजावं आणि लोकांनी नवं सरकार उभं करावं, असा तिचा आशय. जेफरसनने लिहिलेल्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या एकवीस महिने आधी! पण असं वाक्य लिहिणं आणि नवं सरकार कसं उभं करायचं हे ठाऊक असणं यात फार अंतर असतं. ते अंतर कापायला त्यांना सहा वर्षं लागली.

मधलं युद्ध मी सोडतो. एवढंच सांगतो की 1775 च्या जुलैतही, माणसं मेल्यानंतरही, सगळ्या वसाहतींच्या काँग्रेसने राजाला नम्र अर्ज पाठवला होता आणि राजाने तो घेतलाच नाही. मग पुढच्या जुलैत जाहीरनामा झाला. त्यावर बहुतेक सह्या 2 ऑगस्टला झाल्या, आणि सही करणाऱ्यांची नावं 1777 च्या जानेवारीपर्यंत छापून प्रसिद्ध केली नव्हती. ते शूर होते यात शंका नाही. तरी नावं केव्हा बाहेर काढायची याचाही त्यांनी विचार केला. एवढंच मी तुला सांगत होतो.

आता घटनेकडे येतो. जुनी सत्ता गेली होती. 1776 च्या शरदात मॅसॅच्युसेट्सच्या विधानसभेने गावांना विचारलं, आम्हीच एक घटना लिहू का? काँकर्ड गावाने सभा घेऊन नाही कळवलं. त्यांचं कारण असं: घटना म्हणजे सरकारपासून माणसाच्या हक्कांचं रक्षण. जी सभा घटना घडवू शकते तीच ती बदलूही शकते, मग त्या सभेपासून रक्षण कसलं? म्हणून घटनेसाठी लोकांनी वेगळी सभा निवडावी, तिने फक्त घटना लिहावी आणि मग घरी जावं. शेतकऱ्यांच्या गावाने हे लिहिलं, मनू. पार्लमेंटने 'कोणत्याही बाबतीत' म्हटलेलं ते विसरले नव्हते. लंडनच्या हातातली निरंकुश सत्ता बोस्टनच्या हातात आली म्हणून ती बरी होत नाही, हे त्यांना कळलं होतं.

विधानसभेने ऐकलं नाही, स्वतः मसुदा केला. 1778 ला गावांनी तो साधारण पाचास एक अशा फरकाने फेटाळला. त्यात हक्कांची यादी नव्हती, हे एक कारण. मग 1779 ला वेगळी सभा निवडली गेली, आणि त्या निवडणुकीत मालमत्तेची अट नव्हती, एकवीस वर्षांवरच्या सगळ्या स्वतंत्र पुरुषांना मत. मसुदा मुख्यतः जॉन ॲडम्सने लिहिला. तो गावोगाव गेला, कलमागून कलम वाचला गेला, गावांनी लेखी हरकती पाठवल्या. दोन तृतीयांश मतं हवी होती. मोजताना सभेने हात सैल सोडला, काही कलमांना तेवढी मतं होती का याबद्दल अभ्यासकांना शंका आहे. तरीही 1780 च्या ऑक्टोबरात ती लागू झाली आणि दुरुस्त्या होत होत आजही चालू आहे. तू आज त्याच कागदाखाली राहतेस.

पण लगेच काय निघालं बघ. त्या घटनेने मत द्यायला मालमत्तेची अट घातली. आणि घटना गावांत वाचली जात होती त्याच वर्षी, फेब्रुवारीत, डार्टमथ गावच्या काही काळ्या स्वतंत्र माणसांनी, त्यात कफी नावाचे दोन भाऊ होते, विधानसभेला करमाफीसाठी अर्ज केला. आम्ही कर भरतो, आम्हाला मत देऊ देत नाहीत, तुम्हीच तर याच गोष्टीसाठी लढलात. करमाफी त्यांना मिळाली नाही. पुढच्या वर्षी एलिझाबेथ फ्रीमन या गुलाम बाईने याच राज्याच्या कोर्टात दावा लावला. घटनेच्या पहिल्याच कलमात सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत असं होतं. ज्युरीने तिला स्वतंत्र ठरवलं. लिहिणाऱ्यांनी ते वाक्य तिच्यासाठी लिहिलं नव्हतं, पण एकदा लिहून लोकांपुढे ठेवल्यावर ते त्यांच्या हातात राहिलं नाही. 'तुम्हाला मत नाही पण पैसे कापणार' हे तू फोनवर म्हणालीस तेव्हा मला कफी बंधूच आठवले, आणि ते मी तुला सांगितलं नाही. तुझा अभिमान वाटला हेही सांगितलं नाही. भीती आधी तोंडात आली.

अजून एक प्रसंग सांगून थांबतो. तो सांगितल्याशिवाय गोष्ट खोटी होते. युद्धाचं कर्ज राज्यावर होतं. सैनिकांना पगाराच्या जागी दिलेल्या चिठ्ठ्या त्यांनी गरजेपोटी कवडीमोलाने विकल्या, त्या शहरातल्या सावकारांकडे गेल्या, आणि विधानसभेने त्यांचे पुरे पैसे फेडायला कर बसवले. कर माणशी आणि जमिनीवर, आणि मागायचे रोख नाण्यात. पश्चिमेकडच्या शेतकऱ्याकडे नाणं नाही. कोर्टात दावे, जप्ती, तुरुंग. त्यांना प्रतिनिधी होता म्हणशील तर होता, पण बोस्टनला प्रतिनिधी पाठवायचा खर्च गावाने करायचा, म्हणून कित्येक गरीब गावं कुणाला पाठवतच नसत. त्यांनी सभा घेतल्या, अर्ज केले. उत्तर मिळालं नाही. तेव्हा 1786 च्या सप्टेंबरात ते वूस्टरच्या त्याच कोर्टावर आले आणि दार अडवून उभे राहिले. बारा वर्षांपूर्वी त्यांनी, त्यांच्या बापांनी केलं होतं तेच. या वेळी न्यायाधीश होता आर्टेमस वॉर्ड, बोस्टनच्या वेढ्यात वॉशिंग्टनच्या आधीचा सेनापती. संगिनी समोर असताना तो पायऱ्यांवरून लोकांशी बोलला. ते हटले नाहीत, कोर्ट भरलं नाही.

आणि सॅम्युअल ॲडम्स, ज्याने ते 92 मतांचं पत्र लिहिलं होतं, तो म्हणू लागला की राजाविरुद्धचं बंड वेगळं, प्रजासत्ताकाविरुद्धचं बंड माफ करता येत नाही. वर्गात मी इथे थांबून विचारायचो, कोण बरोबर? मला स्वतःला आजही ॲडम्सचं पूर्ण पटत नाही. मत देऊन सरकार बदलता येत असेल तर कोर्टाचं दार अडवू नये, हे खरं. पण गाव इतकं गरीब की प्रतिनिधीच पाठवता येत नाही, त्याने काय करायचं? जानेवारी 1787 ला स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारापुढे तोफ डागली, चार शेतकरी मेले. मग कायदा झाला, की बंडात सामील झालेल्यांना तीन वर्षं मत नाही, ज्युरीत जागा नाही, आणि त्यांनी शाळामास्तर व्हायचं नाही. शाळामास्तर! हे कलम मी प्रथम वाचलं तेव्हा नाना जिवंत होते. मी त्यांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत, उठून विहिरीवर गेले.

पण त्याच वसंतात निवडणूक आली. कडक गव्हर्नर बोडन पडला, हॅनकॉक प्रचंड मतांनी आला, कर सैल झाले, बहुतेकांना माफी मिळाली. 1774 ला हा रस्ता नव्हता, 1787 ला होता. लिहिलेल्या घटनेचा मला दिसणारा फरक हा एवढा आहे.

या बंडाने साऱ्या देशाची घटना लिहिणाऱ्या फिलाडेल्फियाच्या सभेला घाई केली हे खरं, पण ती सभा आधीच ठरली होती. मुळातलं दुखणं असं की तेरा राज्यांच्या काँग्रेसला कर बसवायचा अधिकारच नव्हता, ती फक्त मागणी करी आणि राज्यं देत नसत. आयातीवर पाच टक्के जकातीची सूचना आली ती एका ऱ्होड आयलंडने अडवली, कारण दुरुस्तीला सगळ्यांची संमती लागे. ज्यांनी दूरच्या सरकारला कर नाकारून लढाई केली त्यांना आता स्वतःचं, पण तितकंच लांबचं, कर घेणारं सरकार बांधायचं होतं. त्यांनी काय केलं? कराची विधेयकं लोकांनी थेट निवडलेल्या सभागृहातच सुरू होतील असं लिहिलं. आणि प्रतिनिधी किती आणि थेट कर किती हे दोन्ही एकाच वाक्यात एकाच मापाला बांधलं, लोकसंख्येला. त्याच वाक्यात गुलामांना तीन पंचमांश मोजलं. ज्यांना मत नाही, ज्यांना स्वतःचा देह नाही, त्यांच्या संख्येवर त्यांच्या मालकांना जास्त जागा. 1765 चा सारा वाद त्या एका वाक्यात आहे, त्यातला न्यायही आणि त्यातली घाणही. हे वाक्य काढायला पुढे यादवी युद्ध लागलं.

त्या मसुद्यावर 39 जणांनी सह्या केल्या. शेवटपर्यंत बसलेल्या तिघांनी केल्या नाहीत, त्यात मॅसॅच्युसेट्सचा एल्ब्रिज गेरी होता. पुढे मॅसॅच्युसेट्सच्या सभेत घटना 187 विरुद्ध 168 अशी काठावर मंजूर झाली, तीही दुरुस्त्यांची शिफारस जोडल्यावर. वूस्टर परगण्याचे बहुतेक प्रतिनिधी विरोधात होते. हक्कांची कलमं 1791 ला आली, आणि त्यातल्या पहिल्याच कलमात सरकारकडे गाऱ्हाणं मांडण्याचा, अर्ज करण्याचा हक्क आहे. तो 'लोकांचा' म्हटला आहे, नागरिकांचा असं तिथे लिहिलेलं नाही. हे मला माहीत आहे. तरी तुझं विद्यापीठ म्हणजे सरकार नव्हे, आणि व्हिसा देणारा अधिकारी हा मजकूर समोर ठेवून बसत नाही. बघ, लिहिलंच शेवटी. क्षमा कर. खोडत नाही, कारण खोडलं तरी तुला कळणारच.

आईचं म्हणणं वेगळं आहे. ती म्हणते, सही झाली, आता पोरीला तिकडे एकटं वाटू देऊ नका.

तर मला एवढं कळव. अर्ज कुणाच्या नावे आहे? मागणी फी रद्द करण्याची आहे, की पुढे अशी फी बसवताना तुमच्या प्रतिनिधींना विचारण्याची? दुसरी नसेल तर ती घाला, पहिलीपेक्षा तीच टिकते. उत्तर किती दिवसांत मागितलं आहे? मुलांची निवडलेली काही समिती असेल तर अर्ज तिच्यामार्फत जाऊ दे, आणि परदेशी मुलांसाठीच्या कचेरीत एकदा विचारून घे की सहीचा काही परिणाम होतो का. मसुदा मला पाठव. इंग्रजी असला तरी मी वाचीन, शब्दांना हात लावणार नाही, फक्त कुठे ढिलं आहे ते सांगेन.

नानांच्या अर्जाची नक्कल आतेभावाकडून स्कॅन करून घेतली आहे. तो आज रात्री पाठवेल. आजीचं डोळ्याचं ऑपरेशन मंगळवारी, त्याआधी तिच्याशी बोल. सहीबद्दल तिला मी काही सांगितलेलं नाही, तुला वाटलं तर तूच सांग.

तुझा,
बाबा